ओठावर दिसतं ते केस की डाग?

बसा, बसा. मागे आवाज पोचतोय ना? मग सुरू करते.

अप्पर लिप आणि हनुवटी. विषय दोन बोटांएवढ्या जागेचा, पण त्वचारोगाच्या ओपीडीत या जागेवरून जितकं रडू येतं तितकं क्वचितच दुसऱ्या जागेवरून येतं. आज सगळं सांगत बसत नाही. एकच पेशंट सांगते, कारण बाकीचं बरंचसं त्या एका गोष्टीत येतं.

सव्वीस वर्षांची मुलगी. तक्रार काय, तर "डॉक्टर, वॅक्सिंग केलं की पंधरा दिवसांत पुन्हा मिशी दिसते, आणि आता पूर्वीपेक्षा काळी येते." मी तिला खिडकीजवळ बसवलं, उजेड बाजूने पाडला आणि ओठावरची त्वचा दोन बोटांनी ताणून पाहिली. केस जवळजवळ नव्हतेच! जे काळं दिसत होतं ती त्वचा होती. मिशीच्याच आकाराचा, तपकिरी, कडा धूसर असलेला पट्टा. पाच महिने ही मुलगी केस समजून डाग उपटत होती.

असं होतं कसं? पुरळासाठी ती रोज रात्री अडापॅलिनचं जेल लावायची. रेटिनॉइड गटातलं औषध आहे ते. त्याने त्वचेचा वरचा मृत पेशींचा थर पातळ होतो. अशा त्वचेवर गरम वॅक्स लावून पट्टी ओढली की केसांबरोबर तो थरही उठून येतो. त्यात तिच्या बारीक केसांसाठी एकाच जागी तीनदा पट्टी लावली होती. त्या संध्याकाळी तोंड धुताना चुरचुरलं, त्वचा लाल आणि चकचकीत दिसली. दुसऱ्या दिवशी पातळ खपली धरली. तिसऱ्या दिवशी तिने ती स्क्रबने घासून काढली, आणि "जंतू मरावेत" म्हणून वरून लिंबू चोळलं.

आता डाग कुठून येतो ते बघा. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, मेलॅनोसाइट. आजूबाजूला दाह झाला की त्या जास्त रंगद्रव्य बनवून शेजारच्या पेशींना देतात. सावळ्या, गव्हाळ त्वचेत त्या मुळातच अधिक तत्पर असतात. म्हणजे डाग हा केस काढण्याचा थेट परिणाम नाही, तो दाहाचा परिणाम आहे. लालसरपणा जितका खोल आणि जितका जास्त दिवस टिकेल, तितका डाग गडद. खपली खरवडली तर दाह पुन्हा पहिल्यापासून. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्याची वेगळी भाजल्यासारखी प्रतिक्रिया येऊ शकते, आणि तिचाही डाग राहतो.

तिच्या बाबतीत पहिला डाग दिसायला तीनेक आठवडे लागले. तोपर्यंत वॅक्सिंगची आठवण मागे पडलेली. आरशात समोरून पाहिलं, तर काळं दिसलं. म्हणून थ्रेडिंग. त्याने नवा दाह, नवा रंग, पुन्हा थ्रेडिंग.

म्हणून घरी करायची परीक्षा लक्षात ठेवा. उजेड बाजूने घ्या, त्वचा ताणा, बोट उलट्या दिशेने फिरवा. केस बोटाला लागतो, डाग लागत नाही. आणखी एक सांगते, ओठावर दोन्ही बाजूंना सारखा पट्टा आणि सोबत गालावर किंवा कपाळावरही तसेच डाग असतील, तर ते वांग असू शकतात. त्याचं कारण आणि उपचार वेगळे, तेव्हा ते दाखवून घ्या.

उपचार काय केला? पहिले दोन आठवडे काहीही "उजळवणारं" नाही. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, जिथे सोललेलं आहे तिथे पेट्रोलियम जेली. अडापॅलिन बंद. सकाळी सनस्क्रीन, तेही रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं. सावळ्या त्वचेचा डाग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो, आणि पांढरं सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. चुरचुर पूर्ण थांबल्यावर रात्री अझेलिक अ‍ॅसिडची क्रीम, सुरुवातीला एक दिवसाआड. केस काढणं आठ आठवडे बंद. एखादा लांब दिसलाच तर छोट्या कात्रीने कापायचा, ओढायचा नाही. अडीच महिन्यांनी फरक दिसला, सहाव्या महिन्यात उजव्या कोपऱ्यात थोडासा राहिला होता. वरच्या थरातला तपकिरी डाग असा महिन्यांच्या हिशेबाने जातो. राखाडी-निळसर दिसत असेल तर रंग खाली उतरलेला असतो, आणि तो फार हळू जातो, कधी पूर्ण जातही नाही.

इथे मला जरा चिडायचंय. डाग दिसला की दुकानातून "गोरेपणाची" ट्यूब आणतात. अशा कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा छान दिसतो, मग त्वचा पातळ होते, पुटकुळ्या येतात, आणि गंमत म्हणजे लावलेल्या जागी केसही वाढतात. साधी हायड्रोकॉर्टिसोन एक टक्का, दोन-तीन दिवस, डॉक्टरांना विचारून, एवढाच त्याचा इथला उपयोग.

केस काढल्याच्या दिवशी काय करावं? गार पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं पाच-दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट नको. त्या दिवशी मेकअप, वाफ, घाम आणणारा व्यायाम टाळा. लाली काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरायला हवी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केसांच्या मुळाशी छोट्या पू असलेल्या पुटकुळ्या आल्या तर तो मुळांचा दाह, त्या फोडू नका. ओठाच्या कडेला आधी झिणझिण्या आणि मग पाण्याच्या फोडांचा घोस आला, तर नागीण-गटातल्या हर्पिसचा विषाणू जागा झालेला असू शकतो. त्याची गोळी लवकर सुरू केली तरच उपयोगी पडते. रेटिनॉइड लावत असाल तर वॅक्सिंगच्या निदान आठवडाभर आधी थांबवा. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्सिंग अजिबात नको.

लेझरबद्दल आता थोडं. लेझरनंतर मुळांभोवती बारीक सूज आणि लाली येणं अपेक्षित आहे. फोड, पांढरट-करडा चट्टा किंवा पट्टीसारखी खपली म्हणजे भाजलंय, त्याच दिवशी परत जा. आणि इथेही तीच फसगत होते: एक-दोन आठवड्यांनी काळे ठिपके वर येतात. ते नवे केस नसतात, जळलेले केस बाहेर पडत असतात. तोंड धुताना आपोआप गळतात. त्यांना चिमटा लावलेल्यांच्या हनुवटीवर मी ठिपक्याठिपक्यांचे डाग पाहिलेत. दोन सिटिंगच्या मध्ये वॅक्सिंग-थ्रेडिंगही नको, कारण लेझरला मुळाशी केस हवा असतो. रेझर चालतो.

हनुवटीवर जाड, राठ केस येत असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर लेझरच्या आधी हॉर्मोन्स तपासून घ्या. नाहीतर सिटिंग संपल्यावर केस परत येतात आणि दोष मशीनला जातो.

मागच्या रांगेतल्या ताईंनी हात वर केलाय. विचारा.