फाडलेली पुस्तकं आणि उतरवून घेतलेली पुस्तकं

परवानगी न घेता पुस्तकं यंत्राला शिकवायला वापरणं कायदेशीर आहे का, असं मला विचारलं की मी उलट विचारतो, कुठली प्रत? कुठून आणलेली? विचारणारा वैतागतो. पण अमेरिकेतल्या ज्या खटल्याबद्दल मी आज बोलणार आहे, त्याचा निकाल याच दोन उपप्रश्नांवर फिरला.

आंद्रेया बार्ट्झ, चार्ल्स ग्रेबर आणि कर्क वॉलेस जॉन्सन या तीन लेखकांनी अँथ्रोपिक या कंपनीवर दावा लावला. 'क्लॉड' हे एआय मॉडेल, म्हणजे मजकूर लिहून देणारं यंत्र, बनवणारी ही कंपनी. तिच्याकडे पुस्तकं दोन वाटांनी आली होती. पहिली वाट चोरबाजाराची. इंटरनेटवरच्या बेकायदा ग्रंथसंग्रहांतून तिने सत्तर लाखांहून जास्त प्रती उतरवून घेतल्या. दुसरी वाट रोकड मोजण्याची. नंतर कंपनीने लाखो छापील पुस्तकं विकत घेतली, त्यातली कित्येक जुनी, वापरलेली. त्यांच्या बांधण्या कापल्या, पानं सुटी करून स्कॅन केली आणि कागद टाकून दिला. (पुस्तकावर जीव असलेल्या माणसाला हे ऐकवत नाही, मला कल्पना आहे. पण कायद्याच्या नजरेत याच पुस्तकांचं सगळं रीतसर होतं.)

सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश विल्यम ऑलसप यांनी २३ जून २०२५ला निकाल दिला. अमेरिकेच्या कायद्यात 'फेअर यूज' नावाची सवलत आहे. वापराचा हेतू काय, मूळ कृती कशा प्रकारची, तिचा किती भाग घेतला आणि मूळ कृतीच्या बाजाराला किती धक्का बसला, या चार गोष्टी पाहून न्यायालय ती देतं किंवा नाकारतं. ऑलसप यांनी हे चार निकष सगळ्या प्रकाराला सरसकट लावले नाहीत, प्रत्येक वापराला वेगळे लावले.

पुस्तकं वाचून मॉडेल घडवणं हा वापर मूळ पुस्तकापेक्षा अगदी वेगळा आहे, म्हणून तो फेअर यूज, असं ते म्हणाले. विकत घेतलेलं पुस्तक फाडून स्कॅन करणंही चालेल, कारण एका छापील प्रतीच्या जागी एकच डिजिटल प्रत आली आणि ती कंपनीबाहेर गेली नाही. चोरीच्या प्रती मात्र कायमचा ग्रंथसंग्रह म्हणून बाळगणं फेअर यूजमध्ये बसत नाही. तेच पुस्तक पुढे विकत घेतलं तरी आधीची चोरी पुसली जात नाही, फार तर भरपाईच्या रकमेत फरक पडेल.

लेखकांचा एक मोठा मुद्दा होता स्पर्धेचा. आमच्याच पुस्तकांवर शिकलेलं यंत्र उद्या आमच्याशी स्पर्धा करणारी पुस्तकं ओतेल, असं ते म्हणत होते. ऑलसप यांना हे पटलं नाही. शाळेत मुलांना चांगलं लिहायला शिकवलं तरी स्पर्धक लेखक तयार होतातच, मग ती तक्रार करायची का, असा त्यांचा युक्तिवाद. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आपल्या पुस्तकातले उतारे मॉडेलने वापरणाऱ्यांना जसेच्या तसे दिले, असा आरोप या लेखकांनी केलाच नव्हता. तसा आरोप असता तर खटला वेगळा झाला असता, हे न्यायाधीशांनीच नोंदवलं आहे.

आता गंमत पाहा. दोनच दिवसांनी, २५ जूनला, त्याच शहरातले दुसरे न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी मेटा कंपनीविरुद्ध अशाच प्रशिक्षणाबद्दल तेरा लेखकांनी लावलेल्या दाव्यात निकाल दिला. तिथेही कंपनी जिंकली. पण छाब्रियांनी शाळकरी मुलांची उपमा साफ खोडून काढली. मुलांना लिहायला शिकवणं वेगळं आणि एकाच माणसाच्या हाती असंख्य पुस्तकं काढून देणारं यंत्र देणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. बाजार अशा लिखाणाने भरून गेला तर मूळ लेखकाचं नुकसान होतं आणि बऱ्याच प्रकरणांत त्यामुळे परवानगीशिवायचं प्रशिक्षण बेकायदा ठरेल, असं त्यांनी लिहिलं. मग मेटा जिंकली कशी? लेखकांनी या नुकसानीचा पुरावाच मांडला नव्हता म्हणून.

मला छाब्रियांची बाजू जास्त पटते, पण वकील म्हणून मला त्यातली अडचणही दिसते. नाव झालेल्या कादंबरीकाराची पुस्तकं यंत्राच्या पुस्तकांमुळे किती कमी खपली, हे आकड्यांत दाखवायचं कसं? नुकसान बहुधा नवोदिताचं होणार, ज्याचं पहिलं पुस्तक त्या गर्दीत कुणाला दिसणारच नाही. आणि ज्याचा खप मुळात झालाच नाही, त्याने कमी झालेला खप कुठून आणून दाखवायचा?

अँथ्रोपिकच्या खटल्यात चोरीच्या प्रतींचा भाग सुनावणीला जायचा बाकी होता. अमेरिकेत कायद्यानेच ठरलेली किमान भरपाई एका कृतीला ७५० डॉलर आहे आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ती दीड लाख डॉलरपर्यंत जाऊ शकते. सत्तर लाखांना ७५०ने गुणून पाहा, सव्वापाच अब्ज डॉलर होतात, तेही किमान दराने. सप्टेंबर २०२५मध्ये कंपनीने दीड अब्ज डॉलरवर तडजोड मान्य केली. सुमारे पाच लाख कृती त्यात बसल्या, म्हणजे एका कृतीमागे साधारण ३,००० डॉलर. सत्तर लाखांचे पाच लाख कसे झाले? एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती होत्या, आणि शिवाय यादीत यायला अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात वेळेत नोंदणी झालेली असणं आवश्यक होतं. तडजोडीमुळे अपील झालं नाही, त्यामुळे प्रशिक्षण फेअर यूज आहे हे ऑलसप यांचं मत खालच्या न्यायालयाचंच राहिलं. दुसऱ्या न्यायाधीशावर ते बंधनकारक नाही.

चित्रांबद्दल थोडक्यात. छायाचित्रं विकणाऱ्या गेटी इमेजेसने चित्रं काढणारं मॉडेल बनवणाऱ्या स्टॅबिलिटी एआयविरुद्ध लंडनमध्ये लावलेल्या दाव्याचा निकाल नोव्हेंबर २०२५मध्ये लागला. प्रशिक्षण ब्रिटनमध्ये झाल्याचा पुरावा नसल्याने गेटीने तो मुद्दा आधीच सोडून दिला होता. उरलेल्या भागात न्यायालयाने म्हटलं, की मॉडेलमध्ये चित्रं साठवलेली नसतात, म्हणून मॉडेल ही चित्रांची नक्कल नाही. आठवडाभरातच म्युनिकच्या न्यायालयाने गाण्यांच्या शब्दांबाबत उलट निर्णय दिला. मॉडेल शब्द जसेच्या तसे परत देत असेल तर ते त्यात साठलेलेच आहेत, म्हणजे नक्कल झालीच.

आपल्याकडे काय? अमेरिकेसारखा मोकळा फेअर यूज भारतात नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ सवलती एकेक करून सांगतं. खासगी वापर, त्यात संशोधनही आलं, मग टीका, परीक्षण, चालू घडामोडींची बातमी. व्यापारी कंपनीचं प्रशिक्षण यात ओढूनताणून बसवावं लागेल. शिवाय कलम १४ इलेक्ट्रॉनिक साठवणुकीलाही पुनरुत्पादन मानतं. कंपन्यांची बाजू अशी, की यंत्र मजकुरातून भाषेचे नमुने उचलतं आणि कॉपीराइट अभिव्यक्तीवर असतो, कल्पना किंवा व्याकरणावर नसतो. एएनआय या वृत्तसंस्थेने 'चॅटजीपीटी' बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात लावलेल्या दाव्यात हेच प्रश्न पुढे आले, आणि त्यांच्या आधी आणखी एक: सर्व्हर परदेशात असताना इथलं न्यायालय ऐकू शकतं का?

मघाशी एका प्रकाशकांनी विचारलं, की आमची मराठी पुस्तकं त्या चोरीच्या संग्रहात सापडली तर ३,००० डॉलर मिळतील का. बहुतेक नाही. भारतात कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही, पुस्तक लिहिलं की हक्क आपोआप मिळतो. त्यामुळे आपण नोंदणीच्या वाटेला जात नाही, अमेरिकेतल्या तर नाहीच. हक्क शाबूत, पण त्या तडजोडीच्या यादीत नाव नाही.

डिसेंबर २०२५मध्ये केंद्र सरकारच्या समितीने एक प्रस्ताव मांडला. कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या कुठल्याही मजकुरावर कंपन्यांनी प्रशिक्षण करावं, आणि उत्पन्नातून रॉयल्टी एका मध्यवर्ती संस्थेकडे भरावी, ती संस्था लेखकांना वाटून देईल. दर सरकारने नेमलेली वेगळी समिती ठरवणार. कंपन्यांना पैसे भरायचे नाहीत म्हणून तो नको आहे. लेखकांच्या बाजूने मला त्यातली वेगळीच गोष्ट खटकते. माझ्या पुस्तकावर यंत्राने शिकू नये असं मी ठरवलं, तर नाही म्हणायची सोय त्या प्रस्तावात ठेवलेली नाही.