परिपाठातली दोन मिनिटं

नमस्कार श्रोतेहो. शाळा सुरू झाल्या, पाऊसही सुरू झाला. आता घरोघरी रात्री जेवणं आटोपली की पोट्ट्याला आठवते, "आई, उद्या परिपाठात माझं भाषण आहे." विषय कालच्या पेपरातला, वेळ दोन मिनिटं. कालचाच म्हणतो, कारण आपल्या आडगावात आजचा पेपर एसटीनं येते आणि तोवर परिपाठ उरकून गणिताचा तासही संपलेला असते.

आता दोन मिनिटं म्हणजे शब्द किती? मैदानावर, भोंग्यातून, मागच्या ओळीला समजेल असं बोललं तर मिनिटाला शंभराच्या आसपास. म्हणजे दोनशे? नाही. ओळीतून उठून माइकपर्यंत जाणं त्यातच आलं, मध्ये थांबणं त्यातच आलं. हातात दीडशे-एकशे साठ उरतात. घड्याळ लावून मोठ्यानं वाचा, मनातल्या मनात नाही. डोळे भराभरा पळतात, जिभेला वेळ लागते.

आमच्याकडं सातवीतली एक मुलगी होती. पेपरात बातमी आली होती वीज पडल्याची. दुपारी वावरात निंदणाला गेलेली माणसं पावसात झाडाखाली थांबली आणि तिथंच वीज पडली. हिनं ती बातमी उभीच्या उभी वहीत उतरवली. वाचायला लावली तर चार मिनिटं. वर सुरुवातीला सन्माननीय व्यासपीठ, पूजनीय गुरुजन वर्ग, माझ्या बालमित्रांनो! (मुख्याध्यापक ओट्यावर उभे, व्यासपीठ कुठून आलं? हे नमनाचं तेल राज्यभरातल्या शाळांनी एकदा बंद करावं, असं माझं जुनं म्हणणं आहे. आणि पाहुण्यांच्या हारतुऱ्यांचंही.)

"सर, काय काटू जी?" तिनं विचारलं. म्हटलं, तुह्या वर्गातल्या पोट्ट्याला ज्याचा उपयोग नाही ते काट. तालुका, मंडळ, पंचनामा, कोणत्या साहेबांनी भेट दिली, मदत किती जाहीर झाली, सगळं गेलं. राहिली एकच गोष्ट: आभाळ वाजायला लागलं की झाडाखाली थांबायचं नाही. मग "का" सांगायला जागा झाली. वीज उंच झाडावर पडते, तिथून बाजूच्या माणसावर उडी घेते आणि मुळाजवळच्या जमिनीतूनही पसरते. बुंध्याला हात लावला नाही म्हणून माणूस वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी उभी राहिली आणि पहिलं वाक्य बोलली, "काल आभाय वाजलं तवा तुम्ही कुठं होते?" सगळी शाळा गप्प. मग म्हणाली, "समजा, आत्ता वीज चमकली. मोजा." आणि स्वतः मोठ्यानं मोजू लागली, एक, दोन, तीन, थेट नऊपर्यंत. पोट्टे तिच्यासंगं मोजत होते. "धडाड! नऊ सेकंदं. तिनानं भागा. वीज तीन किलोमीटरवर आहे." उजेड तेव्हाच दिसते, आवाजाला एका किलोमीटरला तीन सेकंदं लागतात, एवढंच गणित. पुढं तिनं सांगितलं की चमक आणि गडगडाट यांच्यात तीस सेकंदांपेक्षा कमी गेले, तर पक्क्या घरात जा आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर निघू नका.

ती मोजणी नऊ सेकंदांची होती, श्रोतेहो. तिनं घरी घड्याळ लावून तेवढे शब्द आधीच कमी केले होते. पुन्हा सांगतो, थांबणंही वेळेतच मोजायचं. ज्यानं ते मोजलं नाही, तो शेवटी धावत सुटते आणि नेमकं कामाचं वाक्य घाईत गिळते.

उघड्या वावरात सापडलो आणि घर दूर असलं तर? ती म्हणाली, पाय जोडून उकिडवं बसा, आडवं पडू नका. करूनही दाखवलं. जमिनीतून येणारी वीज दोन पायांत अंतर असलं की एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. गाय-बैलाचे पुढचे-मागचे पाय लांब असतात, म्हणून गुरं जास्त दगावतात. मात्र हा नाइलाजाचा उपाय आहे, घराची सर त्याला नाही. गुरांचं हे वाक्य तिचं नव्हतं, मी आत्ता जोडलं. तिच्या वेळेत ते बसलं नसतं.

भाषण झालं आणि मागून चौथीतला एक पोट्टा ओरडला, "एसटीत बसलेलं चालते काय?" वेळ संपली होती, घंटा व्हायची होती. ती माइकपाशी परत गेली आणि म्हणाली, "चालते. वीज बाहेरच्या पत्र्यावरून खाली जाते. खिडकी लावून घे, गजाले हात लावू नको."