बारा बिलं आणि पाच तासांचं ऊन
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. छतावर सोलर बसवावं की नाही, हे आज मी सांगणार नाही. इथे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं ते ठरलेलं आहे. नेट मीटर म्हणजे काय, तेही तुम्हाला ठाऊक आहे. मला एकाच प्रश्नावर बोलायचंय: दोन-तीन खोल्यांच्या आपल्या घराला किती किलोवॅट लागतात? हा आकडा ज्याचा त्याला काढता यायला हवा, असं माझं फार दिवसांचं म्हणणं आहे. विक्रेत्याने सांगितला म्हणून तो धरायचा नाही.

आधी मला सांगा, मागच्या मे महिन्याचं बिल किती आलं होतं, कोणाला आठवतंय? बघा, किती हात वर आले. आता जुलैचं? एकही हात नाही. सगळा घोटाळा इथून सुरू होतो, कारण विक्रेता दारात येतो तेव्हा आपण त्याच्या हातात मेचंच बिल ठेवतो.

साताऱ्यात माझ्या ओळखीच्या एका शिक्षक दांपत्याचं घर आहे. वर गच्ची, घरात चार माणसं, फ्रिज, पंखे, धुण्याचं यंत्र, थंडीत सकाळी गीझर. एसी नाही. मे महिन्यात वापर झाला २६० युनिट. विक्रेत्याने हिशेब केला: २६० भागिले ३० म्हणजे दिवसाला पावणेनऊ युनिट, एक किलोवॅट दिवसाला चार युनिट देतो, म्हणजे सव्वादोन किलोवॅट. मग म्हणाला, "सर, तीनच घ्या, अनुदान तीनला पूर्ण मिळतं." अनुदानाबद्दल तो खोटं बोलला नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार मिळतात. पण तिसऱ्या किलोवॅटचा खर्च १८ हजारांपेक्षा बराच जास्त असतो, तो खिशातून जातो. आणि मुळात त्या किलोवॅटची गरज आहे का, हे कोणी विचारलंच नाही.

मी सरांना म्हटलं, बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो काढा. एप्रिलपासून क्रमाने लिहीत गेलो. एप्रिल २३०, मे २६०, जून १९०, जुलै १५०, ऑगस्ट १४५, सप्टेंबर १५०, ऑक्टोबर १७५, नोव्हेंबर १४०, डिसेंबर १५०, जानेवारी १५०, फेब्रुवारी १४०, मार्च १९०. बेरीज आली २०७०. म्हणजे महिन्याची सरासरी १७२ युनिट. मेच्या बिलात आणि या सरासरीत केवढा फरक आहे बघा.

आता उन्हाकडे येतो. इथे थोडा रेंगाळेन, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग आहे. "आपल्याकडे दिवसाला आठ-नऊ तास ऊन असतं" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, फक्त आपल्या कामाचं नाही. हवामान खात्याच्या वेधशाळांमध्ये उन्हाचे तास मोजायला एक सुंदर उपकरण असायचं, कॅम्पबेल-स्टोक्स नावाचं. काचेचा भरीव गोळा आणि त्यामागे वळवलेली पुठ्ठ्याची पट्टी. सूर्य सरकेल तसा गोळ्यातून आलेला किरण पट्टीवर जळकी रेघ ओढत जातो. संध्याकाळी रेघेची लांबी मोजली की उन्हाचे तास मिळाले. पण पट्टी जळायला ऊन किती तीव्र लागतं? चौरस मीटरला साधारण १२० वॅट. सकाळच्या कोवळ्या उन्हातही ती जळू लागते. पॅनेलवर लिहिलेले वॅट मात्र चौरस मीटरला १००० वॅट ऊन पडतं तेव्हाचे असतात. पट्टीच्या लेखी सकाळी आठचा तास आणि दुपारी साडेबाराचा तास सारखेच. पॅनेलच्या लेखी त्यांत कित्येक पटींचा फरक आहे.

म्हणून आपल्याला 'पूर्ण उन्हाचे तास' लागतात. नळाला दिवसभर पाणी असतं, सकाळी करंगळीएवढी धार, दुपारी पूर्ण दाब, संध्याकाळी पुन्हा करंगळी. दिवसाअखेर टाकी जेवढी भरली, तेवढी पूर्ण दाबाने भरायला किती तास लागले असते? तेवढेच तास मोजायचे. पुणे-सातारा पट्ट्यात वर्षभराची सरासरी येते पाच ते साडेपाच तास. मेमध्ये हा आकडा साडेसहाच्या आसपास जातो आणि जुलै-ऑगस्टच्या ढगांत चारपर्यंत किंवा त्याखालीही उतरतो.

मग एक किलोवॅटने सरासरी पाच-साडेपाच युनिट द्यायला हवेत, चारच का देतो? मुख्य कारण उष्णता. पॅनेलची क्षमता ठरवताना आतल्या सेलचं तापमान २५ अंश धरतात. आपल्या गच्चीवर एप्रिलच्या दुपारी तो सेल ६० अंशांवर जातो, आणि प्रत्येक वाढत्या अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. पस्तीस अंश वाढले की बारा-चौदा टक्के गेलेच. म्हणून पॅनेल गच्चीला चिकटवून ठेवू नका, खालून वारा खेळला पाहिजे. त्यात धूळ, वायर आणि इन्व्हर्टरमधली घट धरली की हाती साधारण ७५ टक्के उरतात. ५.२ गुणिले ०.७५ म्हणजे दिवसाला ३.९ युनिट, वर्षाला एका किलोवॅटमागे सुमारे १४००. हा १४०० आकडा लिहून घ्या.

२०७० भागिले १४०० म्हणजे दीड किलोवॅटला किंचित कमी. सरांना तीन सांगितले होते, बरोबर दुप्पट. तीन किलोवॅट वर्षाला ४२०० युनिट देणार, त्यातले निम्म्याहून जास्त घराला नकोच आहेत. उरलेल्या युनिटांचं काय होतं? ती पुढच्या महिन्यांत वळती होतात, पण फक्त ३१ मार्चपर्यंत. तेव्हा खातं मिटतं आणि शिल्लक युनिटांचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात. तो दर आपण ज्या दराने वीज घेतो त्याच्या बराच खाली असतो. गच्चीवर वीज पिकवून विकायचा धंदा म्हणून हे परवडत नाही.

या ३१ मार्चमध्ये आणखी एक गंमत आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. खातं एप्रिलमध्ये उघडतं. दीड किलोवॅट एप्रिल-मेमध्ये दर महिन्याला २१० युनिटच्या आसपास देतो, पण या घराचा वापर तेव्हाच सगळ्यात जास्त, म्हणजे साठायला काही उरत नाही. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन १३० वर येतं आणि वापर १५०. तिथेही थोडी तूट. उलट नोव्हेंबर ते मार्च आकाश स्वच्छ असतं, पंखे बंद असतात, दर महिन्याला वीस-तीस युनिट उरतात. ती नेमकी वर्षाच्या शेवटी उरतात आणि मार्चअखेर स्वस्तात जातात. बेरीज जुळते, पण क्रम जुळत नाही. सर म्हणाले, मग अर्धा किलोवॅट वाढवू का? मी म्हटलं, नको. तूट महिन्याला वीस ते पन्नास युनिटांची आहे. ती युनिटं बिलाच्या पहिल्या, शंभरपर्यंतच्या टप्प्यात पडतात, आणि तो टप्पा सगळ्यात स्वस्त आहे. सोलरने आधी वाचवायची ती वरच्या टप्प्यातली महाग युनिटं, आणि ती दीड किलोवॅटमध्ये वाचलेली आहेत. स्थिर आकार तर किती किलोवॅट लावले तरी भरावाच लागतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं राहिली म्हणतात, आणि सावलीचा विषय अजून शिल्लक आहे. भराभर सांगतो.

पुढे वाढणारा वापर आताच धरा, पण आकड्यात धरा. "पुढे लागेल" एवढं म्हणून एक किलोवॅट वाढवू नका. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री चार तास, उन्हाळ्याचे तीन महिने चालला तर वर्षाला सुमारे ३०० युनिट. रोजचा स्वयंपाक इंडक्शनवर असेल तर महिन्याला साठेक. विजेची स्कूटर महिन्याला सहाशे किलोमीटर फिरली तर वीस-पंचवीस. हे २०७० मध्ये मिळवा आणि पुन्हा १४०० ने भागा. सरांकडे पुढच्या वर्षी एसी येणार असता तर २३७० झाले असते, म्हणजे १.७ किलोवॅट. बाजारात ५४० वॅटचं पॅनेल सहज मिळतं. तीन पॅनेल म्हणजे १.६२ किलोवॅट. सरांनी तेवढेच घेतले.

जागा किलोवॅटला दहा चौरस मीटर धरा, आणि ती सावलीविना हवी. इथे फसगत होते. गच्ची बघायला माणूस येतो मे महिन्यात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस तुम्ही ऐकलाच असेल. त्या दिवशी टाकीची सावली दिसणारच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा पन्नास अंशांच्या आत राहतो. दोन मीटर उंच टाकीची सावली तेव्हा दुपारी उत्तरेला पावणेदोन मीटर पडते, आणि सकाळी नऊला वायव्येकडे चार मीटरच्या पुढे जाते. पॅनेल एका ओळीत जोडलेली असतात, त्यामुळे एकाच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी ओळीतल्या इतरांचं उत्पादनही खाली येऊ शकतं. उपाय सोपा आहे: पॅनेल टाकीच्या आणि जिन्याच्या खोलीच्या दक्षिणेला लावा, तोंड दक्षिणेकडे, कल पंधरा-वीस अंश.

बिलावरचा मंजूर भार बघा. आपल्याकडे सोलरची क्षमता त्याच्या आत राहावी लागते. भार कमी असेल तर तो वाढवावा लागतो. आणि बॅटरीशिवायचा हा संच वीज गेली की बंद पडतो, भर दुपारीसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय केलेली आहे. वीज गेल्यावर पंखे चालायला हवे असतील तर तो हिशेब वेगळा, आणि तो किलोवॅटचा नसून बॅटरीचा असतो.

शेवटी, संच बसल्यावर तपासायचं कसं? जानेवारीतला एक निरभ्र दिवस निवडा. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर उत्पादनाच्या मीटरचे आकडे लिहा. १.६२ किलोवॅटने त्या दिवशी सहा-सात युनिट द्यायला हवेत. चारच आले तर आधी पॅनेल धुवा. दुसऱ्या दिवशीही चारच राहिले तर सकाळी नऊला आणि दुपारी साडेतीनला गच्चीवर जाऊन बघा, सावली कशाची पडतेय. सावली नसेल तर मग बसवणाऱ्याला बोलवा, आणि दोन्ही दिवसांचे आकडे त्याच्या हातात द्या.