खरेदी भागिले विक्री? असं नका करू! मेस-डब्याचा फूड कॉस्ट

(कॅमेऱ्यासमोर, टेबलावर बिलांची पिशवी आणि एक लांब वही)

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पन्नास तऱ्हेने आलाय: "दादा, माझा फूड कॉस्ट एका महिन्यात साठ टक्के येतो, पुढच्या महिन्यात तीस. नेमकं चाललंय काय?" चाललंय काही नाही. तुम्ही खरेदीला खर्च समजताय, एवढंच.

मूळ गोष्ट पटकन सांगतो, बहुतेकांना माहीत आहे. शंभर रुपयांच्या विक्रीत कच्चा माल किती रुपयांचा गेला, तो फूड कॉस्ट. गॅस, पगार, भाडं, डिलिव्हरीच्या पोराचं पेट्रोल, यातलं काही त्यात धरायचं नाही. पुढे.

लातूरच्या एका काकूंचा हिशोब घेतो. नीटच्या क्लासच्या पोरांना डबे देतात, एका डब्याचे ५० रुपये. त्यांनी वही पाठवली, ती दाखवायची परवानगीही दिली. आकडे गोल करून घेतलेत.

(वहीचा क्लोज-अप)

जून महिना. किराणा, भाजी, दूध धरून खरेदी ९६,००० रुपये. डबे गेले ३,३००, म्हणजे विक्री १,६५,००० रुपये. भागाकार केला तर ५८ टक्के. काकू हबकल्या. जुलैत खरेदी ५८,०००, डबे ३,६००, विक्री १,८०,०००. टक्के ३२. काकू खूश! मला व्हॉइस मेसेज, "आता बसलं बघा गणित."

बसलं नव्हतं. जूनमध्ये क्लासेस सुरू होतात, म्हणून त्यांनी गंजगोलाईतून तूरडाळ, तांदळाचे कट्टे, तेलाचे डबे असा एकदम माल भरला होता. तो जुलैत शिजला. बिल जूनचं, जेवण जुलैचं.

म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेची शिल्लक घ्या, तिच्यात खरेदी मिळवा आणि शेवटच्या दिवशी उरलेला माल वजा करा. जे राहिलं तेवढंच पोटात गेलं. जूनला सुरुवातीला १४,००० चा माल होता, खरेदी ९६,०००, शेवटी उरला ३६,००० चा. वापर ७४,०००. जुलैला सुरुवातीची शिल्लक तीच ३६,०००, खरेदी ५८,०००, उरला १२,००० चा. वापर ८२,०००. टक्के काढा: जून ४५, जुलै साडेपंचेचाळीसच्या आसपास. कुठे ५८ आणि ३२, कुठे हे.

विक्रीबद्दल एक सांगतो. काकूंच्या गल्ल्यात जूनमध्ये २,१०,००० रुपये आले होते, कारण काही पालकांनी दोन महिन्यांचे पैसे आगाऊ दिले. ते विक्रीत धरायचे नाहीत. किती डबे गेले गुणिले दर, हीच विक्री. हॉटेलवाल्यांनो, तुमच्या बिलात जीएसटी असेल तर तो वजा करून विक्री धरा, तो पैसा तुमचा नाही. आणि पाच टक्केवाल्यांना खरेदीवरचा जीएसटी परत मिळत नाही, म्हणून खरेदी मात्र बिलाच्या पूर्ण रकमेने घ्या. उधारीचंही तसंच. दुकानदाराला पैसे दिवाळीत द्या नाहीतर कधीही द्या, माल ज्या महिन्यात घरात आला त्या महिन्याची ती खरेदी. बाजारात भाजीवाला बिल देत नाही? चिठ्ठीवर लिहा आणि त्याच दिवशी वहीत उतरवा.

आता परत शिल्लक मालावर येतो, कारण कमेंटमध्ये सगळ्यात जास्त पळवाटा इथेच आहेत.

"आम्ही रोजचं रोज आणतो, शिल्लक राहतच नाही." भाऊ, भाजी रोज आणता. तेल, डाळ, तांदूळ, ज्वारी, शेंगदाणे, मसाले? पोतं रोज आणता का? एकदा रात्री कोठीत जाऊन बघा.

दुसरी पळवाट जास्त धोक्याची. "अंदाजे धरतो की, पंधरा-वीस हजाराचा असंल." पाच हजाराने अंदाज चुकला तर १,६५,००० च्या विक्रीवर तीन टक्के हलले. डब्याच्या धंद्यात तीन टक्के म्हणजे किती, हे मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय जूनची शेवटची शिल्लक म्हणजेच जुलैची पहिली. तिथे एक चूक केली की ती दोन महिने बिघडवते, एकात टक्का वर, दुसऱ्यात खाली. यातच ओळखायची खूण आहे. एक महिना वर, पुढचा तेवढाच खाली, असं दिसलं तर आधी मोजणीवर संशय घ्या. दोन-तीन महिने सलग वरच असेल तर मग स्वयंपाकघरात शिरा.

मोजायचं कसं? महिन्याच्या शेवटच्या रात्री, शेवटचा डबा गेल्यावर. सकाळी मोजलात तर नवा माल येऊन बसलेला असतो, आणि त्याचं बिल पुढच्या महिन्यात. बंद पोती मोजा, उघडलेलं पोतं काट्यावर ठेवा, तेलाचा अर्धा डबा अर्धाच धरा. भाव शेवटच्या बिलाचा लावा. हळद-मोहरीच्या चिमटीत जीव अडकवू नका. तेल, डाळ, तांदूळ, पीठ, शेंगदाणे एवढं नीट मोजलं तरी पुष्कळ झालं. शिजलेलं उरलं असेल तर शून्य धरा.

काकूंच्या घरची पाच माणसंही याच कोठीतलं जेवतात. महिन्याला साधारण ६,००० चा माल घरात जातो. तो दोन्ही महिन्यांतून काढला की वापर राहतो ६८,००० आणि ७६,०००, टक्के ४१ आणि ४२. हा खरा आकडा.

लगेच कोणीतरी लिहिणार, "फूड कॉस्ट तीस टक्केच पाहिजे." ते तीस टक्के कुठून ऐकता राव? जिथे चहा शंभर रुपयांना जातो तिथला हिशोब पन्नास रुपयांच्या डब्याला कसा लागेल? डब्यात पोटभर चपात्या, भाजी, वरण, भात. तुमच्या डब्याची तुलना तुमच्याच मागच्या महिन्याशी करा.

तरी ४१ चे ४२ का झाले? इथे मोजलेला माल कामाला येतो. तेल घ्या. जूनला दोन डबे होते, सहा आणले, तीन उरले, म्हणजे पाच वापरले. १५ किलोच्या डब्याने ७५ किलो, ३,३०० जेवणाच्या डब्यांवर वाटलं तर एका जेवणाला २३ ग्रॅम. जुलैला तीन होते, पाच आणले, दीड उरला. साडेसहा गेले. जेवणाला २७ ग्रॅम. चार ग्रॅम दिसायला काही नाही, पण ३,६०० डब्यांवर एक आख्खा तेलाचा डबा जास्त लागला. त्याचे दोन हजार धरा, आणि जो टक्का वाढलाय त्याचे १,८०० होतात. हिशोब जवळजवळ तिथेच मिटतो.

काकूंना विचारलं, तेल कुठे गेलं? म्हणाल्या, "अहो, आषाढ होता. लेकरं घर सोडून राहिलीत, दोन-तीनदा तळण केलं. गुलगुले, कापण्या, पुऱ्या." बरं केलं. वहीत तेवढंच लिहून ठेवायला सांगितलं: आषाढ, तळण, एक डबा.