एमजीएफ फुटतं, कॅरॅक्टरिस्टिक फंक्शन का फुटत नाही?

तर आज कॉशी डिस्ट्रिब्युशन घेऊ. डेन्सिटी 1/(π(1+x²)), दिसायला नॉर्मलसारखीच घंटा, पण शेपटी खूप जाड, म्हणजे x मोठा झाला की ती फक्त 1/x² च्या वेगाने कमी होते.

आता मोमेंट जनरेटिंग फंक्शन, थोडक्यात एमजीएफ, म्हणजे E[e^(tX)]. t अगदी छोटा घेऊया, 0.01. π बाजूला ठेवा आणि e^(0.01x)/x² कडे बघा. x = 100 ला हे साधारण 0.00027 येतं, म्हणजे वाटतं की चाललंय की व्यवस्थित खाली. 1000 ला 0.022. आणि 2000 ला थेट 121! आता याच्याखालचं क्षेत्रफळ मोजायचंय आणि ते अनंत आहे, आणि t अजून लहान केला तरी सुटका नाही, फक्त स्फोट जरा लांब सरकतो, कारण एक्स्पोनेन्शियल शेवटी x च्या कुठल्याही घाताला मागे टाकतोच. t निगेटिव्ह घेतला तर हेच डाव्या शेपटीत होतं. म्हणजे t = 0 सोडून एमजीएफ कुठेच नाही.

आता घातात फक्त एक i टाका, E[e^(itX)], हेच कॅरॅक्टरिस्टिक फंक्शन. e^(itx) म्हणजे cos(tx) + i sin(tx), आणि x कितीही प्रचंड असू दे, हा बिंदू एकक वर्तुळावरच फिरत राहतो, त्याची लांबी कायम 1. म्हणून |e^(itx)| चं इंटिग्रल म्हणजे नुसतं डेन्सिटीचं इंटिग्रल, म्हणजे 1, बस्स. शेपटी जाड की बारीक हा प्रश्नच उरत नाही, कुठलंही डिस्ट्रिब्युशन आणा, हे चालणारच.

कॉशीचं उत्तर येतं e^(−|t|). हे मला फार आवडतं, कारण t = 0 ला याला टोक आहे, तिथे डेरिव्हेटिव्ह निघत नाही, आणि कॉशीला मीन नाही ही गोष्ट तिथेच दिसते. शिवाय n स्वतंत्र कॉशींची सरासरी घेतली तर [e^(−|t|/n)]^n, म्हणजे परत e^(−|t|)! दहा हजार आकड्यांची सरासरी काढा, ती एका आकड्याइतकीच बेभरवशाची.

सिम्युलेशन करताना मात्र जपून हां, कारण e^(0.01X) ची सरासरी कॉम्प्युटर बहुतेक वेळा एखादा आकडा म्हणून देऊन टाकतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. सीड बदलून परत चालवा, आकडा कुठल्या कुठे जातो, कारण अख्खी बेरीज एकाच सगळ्यात मोठ्या X वर अवलंबून असते. cos(X) ची सरासरी घ्या, दरवेळी 0.368 च्या आसपासच येईल, म्हणजे e^(−1).

अजून एक, सगळे मोमेंट असले म्हणजे एमजीएफ असतंच असं समजू नका. लॉगनॉर्मलचे सगळे मोमेंट सांत आहेत, तरी t > 0 साठी त्याचं एमजीएफ अनंतच.