दुसऱ्या ओळीची वाट

नमस्कार, श्रोतेहो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका काव्यस्पर्धेचं परीक्षण माझ्याकडे आलं होतं. कवितांचा गठ्ठा आणि सोबत गुणांचा तक्ता. तक्त्यात चार रकाने होते: आशय, प्रतिमा, भाषा आणि एकसंधता. गठ्ठ्यात एक गझल होती. सहा शेर होते त्यात. एक पावसावर, एक आईवर, एक गावच्या बाजारावर, असे सहा वेगवेगळे विषय. मी वाचली, भाषेला बरे गुण दिले, आणि एकसंधतेच्या रकान्यात दहापैकी दोन लिहिले. शेरा मारला, ‘विचार विस्कळीत, एक धागा नाही.’

तो शेरा चुकीचा होता, हे मला नंतर एका मुशायऱ्यात बसल्यावर समजलं. आज तेच तुमच्यापुढे ठेवायचं आहे.

मी त्या गझलेला भावकवितेच्या मापाने मोजलं होतं. भावकविता एक मनःस्थिती धरते, ती वाढवत नेते आणि शेवटी कुठेतरी पोचवते. मधलं कडवं काढलं तर कविता लंगडी व्हायला हवी, ही तिच्याकडून रास्त अपेक्षा आहे. गझल असं काही कबूलच करत नाही. गझलेचा प्रत्येक शेर, म्हणजे प्रत्येक दोन ओळी, ही स्वतंत्र कविता असते. तिसरा शेर काढून पाचव्या जागी ठेवला तरी काही मोडत नाही. या सगळ्या शेरांना बांधून ठेवतं ते त्यांचं वृत्त, यमक म्हणजे काफिया, आणि यमकानंतर दर वेळी तसाच येणारा शब्द, म्हणजे रदीफ. धागा आहे, पण तो कानाला ऐकू येणारा आहे. मी तो अर्थामध्ये शोधत बसलो होतो.

उदाहरण देतो. या भाषणासाठी मीच दोन शेर जुळवले आहेत. वृत्त आनंदकंद, गागालगा लगागा गागालगा लगागा. पहिला शेर, ज्याला मतला म्हणतात, त्याच्या दोन्ही ओळींत यमक असतं:

आवाज पावसाचा माझ्या घरात आहे
माझे शिवार सारे तेथे उन्हात आहे

इथे ‘घरात’ आणि ‘उन्हात’ हे काफिये ठरले, ‘आहे’ हा रदीफ ठरला. आता पुढच्या प्रत्येक शेराची दुसरी ओळ इथेच येऊन थांबणार, हे ऐकणाऱ्याला कळलं. मतल्याचं काम हेच, ऐकणाऱ्याला वाट दाखवून ठेवणं. आता दुसरा शेर:

पत्रात ठीक सारे आईस सांगतो मी
जे टाळले लिहाया ते अक्षरात आहे

पावसाचा आणि या आईचा संबंध काय? काही नाही, आणि तो नसणं हा दोष नाही.

मग दोष कशाला म्हणायचं? त्यासाठी मुशायऱ्यात काय घडतं ते पाहायला हवं. शायर पहिली ओळ म्हणतो, ‘पत्रात ठीक सारे आईस सांगतो मी’. आणि तीच ओळ पुन्हा म्हणतो. छापील कवितेत ही पुनरुक्ती झाली असती. इथे त्या वेळात सभागृह विचार करतं. मुलगा घरी पत्र लिहितोय, सगळं ठीक आहे असं कळवतोय, मग पुढे काय? श्रोत्यांना यमक माहीत आहे, शेवटचा शब्द ‘आहे’ असणार हेही माहीत आहे. माहीत नाही ते इतकंच, की तिथे पोचणार कसं. मग दुसरी ओळ येते, आणि ‘अक्षरात’ हा शब्द कानावर पडतो तेव्हा पहिली ओळ उलटून दिसते. मुलाने लपवलेलं त्याच्या हस्ताक्षराने सांगून टाकलं. आई ते ओळखणार, हे शेरात कुठेही लिहिलेलं नाही, तरी ऐकू येतं.

शेराची कसोटी तिथे आहे. पहिल्या ओळीने प्रश्न उभा केला का, दुसऱ्या ओळीने तो अनपेक्षित पण अटळ वाटेल असा सोडवला का, आणि काफियाचा शब्द ओढून आणल्यासारखा वाटतो की त्याच्यावाचून अर्थच पुरा होत नाही?

आता त्याच वृत्तातला, त्याच काफियाचा हा शेर ऐका:

पत्रात सर्व काही आईस सांगतो मी
माझ्या मनातले ते त्या कागदात आहे

मात्रा मोजा, चोवीसच्या चोवीस आहेत. काफिया बरोबर, रदीफ बरोबर. तंत्राच्या तक्त्यात याला पैकीच्या पैकी पडतील. पण पत्रात सगळं सांगतो असं पहिल्या ओळीने म्हटलं, आणि दुसरी ओळ तेच पुन्हा सांगते. वाट पाहायला लावलं आणि हाती काही दिलं नाही. ‘कागदात’ हा शब्द केवळ यमकासाठी आलाय, एरवी आपण ‘कागदावर’ म्हणतो. मुशायऱ्यात हा शेर पडेल, आणि का पडला ते प्रत्येकाला नीट सांगता आलं नाही तरी सगळ्यांना जाणवेल. गंमत अशी, की माझ्या त्या जुन्या तक्त्यात हे दोन्ही शेर जवळपास सारखेच गुण मिळवून गेले असते. चुकीच्या मापाने चांगल्यावर अन्याय होतोच, शिवाय वाईट लिखाण त्यातून बिनबोभाट निसटतं. मला दुसरी गोष्ट जास्त काळजीची वाटते.

मराठीत हा घोळ नवा नाही. माधव जूलियनांनी फारसीचा अभ्यास करून हा प्रकार मराठीत रुजवला, त्यांची ‘गज्जलांजली’ 1933 साली आली. पण त्यांच्या पुष्कळ गज्जला एकाच भावाभोवती फिरतात, वळण भावगीताचं. त्यांनीही मराठी वाचकाच्या ओळखीचं माप सांभाळलं असेल, असं मला वाटतं. पुढे सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नियम सोप्या भाषेत समजावले आणि शेर स्वतंत्र असला पाहिजे हे ठासून सांगितलं. आज गावोगावी गझल लिहिली जाते, तिचं व्याकरण बहुतेकांना याच बाराखडीतून मिळालं.

मात्र विषय बदललाच पाहिजे, असाही नियम करू नये. सगळे शेर एकाच विषयावर असलेल्या गझलेला मुसलसल गझल म्हणतात, आणि ती अस्सल गझलच असते. तिथेही प्रत्येक शेर एकटा उभा राहतो की नाही, हे पाहायचंच. एका विषयाचा आधार आहे म्हणून ढिला शेर माफ होत नाही.

उलट बाजूही मी पाहिली आहे. गझलेत मुरलेले माझे एक स्नेही मुक्तछंदातली कविता ऐकली की विचारतात, ‘पण यात काफिया कुठाय?’ मुक्तछंदाने यमकाचं वचन दिलेलंच नसतं. तिथे विचारायचं ते हे, की ओळ जिथे तुटली तिथेच का तुटली. ‘आई’ या शब्दावर ओळ तुटली, तर पुढचा श्वास घेईपर्यंत आई एकटी उरते. कवीला ते हवं होतं का? ओळी सलग गद्यात लिहून काढल्या आणि काहीच हरवलं नाही, तर ती कविता कच्ची.

आता परीक्षणाचं काम आलं की मी आयोजकांना गझला वेगळ्या काढून द्यायला सांगतो. त्या डोळ्यांनी वाचत नाही. दार लावून घेतो, पहिली ओळ मोठ्याने दोनदा म्हणतो, आणि दुसरी ओळ हाताने झाकून क्षणभर थांबतो.

नमस्कार.