पहाटेचं गरम पाणी दुपारी तापवा

वसतिगृहाच्या गरम पाण्याबद्दल बोलायचं, तर सुरुवात ते तापवणाऱ्या यंत्रापासून, म्हणजे हीट पंपापासून, करण्यात अर्थ नाही. आधी हिवाळ्यातली सकाळी साडेसहाची वेळ डोळ्यांसमोर आणा. हवा दिवसातली सर्वांत गार असते, वरच्या टाकीतलं पाणीही गारठलेलं असतं आणि नेमकं त्याच वेळी सगळ्यांना एकदम गरम पाणी हवं असतं. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो. म्हणजे गरज सर्वांत मोठी आणि यंत्राचं बळ सर्वांत कमी, हे एकाच घटकेला घडतं. माझं आजचं सगळं बोलणं या एका गाठीभोवती आहे.

मी तपासलेल्या एका वसतिगृहाचं उदाहरण घेतो. मुलं १२०. यंत्राच्या पाटीवर उष्णता देण्याची क्षमता २० किलोवॅट आणि टाकी २००० लिटरची. तक्रार अशी, की साठेक मुलांच्या आंघोळी झाल्या की पाणी कोमट होतं. व्यवस्थापकांचं म्हणणं होतं, ‘यंत्र बिघडलंय.’ यंत्र ठणठणीत होतं. बिघाड होता तो हिशेबात.

आंघोळीला एका मुलाला ४० अंशांचं साधारण ४० लिटर पाणी लागतं असं धरू. नळाचं गार पाणी १५ अंशांचं आणि टाकीतलं ५५ अंशांचं असेल, तर या ४० लिटरांत टाकीचं गरम पाणी २५ लिटर असतं, उरलेलं गार. सकाळी सहा ते आठमध्ये १०० मुलं आंघोळ करतात, म्हणजे अडीच हजार लिटर. उरलेली २० मुलं संध्याकाळी करतात, त्यांचे पाचशे. दिवसाचे एकूण तीन हजार लिटर.

आराखडा करणाऱ्यानं गणित असं मांडलं होतं: टाकीतले २००० लिटर आणि दोन तासांत यंत्र तापवील ते सुमारे ९८० लिटर, मिळून जवळजवळ तीन हजार, सकाळची गरज अडीच हजारांची, मग अडचण कुठे? कागदावर काहीच नाही. पण यातला प्रत्येक आकडा थंडीत ढासळतो.

आधी यंत्राचा आकडा बघू. तासाला किती पाणी तापेल हे काढायला किलोवॅटला ८६० नं गुणायचं आणि जितके अंश तापवायचं तितक्यानं भागायचं. पाटीवरचे २० किलोवॅट हे २० अंश हवेसाठी आहेत. गार पाणीही २० अंशांचं धरलं, तर ३५ अंशच तापवायचं असतं आणि तासाला ४९० लिटर निघतात. आता हवा ८ अंशांवर आणा. या यंत्राच्या तक्त्यात तिथे क्षमता १४ किलोवॅट होती. पाणीही १५ अंशांचं, म्हणजे तापवायचं ४० अंश. उत्तर येतं तासाला ३०० लिटर. हवा आणि पाणी दोन्ही बाजूंनी मार बसतो, हे लोक विसरतात. त्यात हवा दमट असेल आणि पारा आणखी उतरला, तर हवेतली उष्णता ओढणाऱ्या बाहेरच्या नळ्यांच्या जाळीवर, म्हणजे कॉइलवर, हिम धरतं आणि ते वितळवण्यासाठी यंत्र मधूनमधून पाणी तापवणं थांबवतं. म्हणून विकत घेताना पाटी वाचू नका, तापमानानुसार क्षमतेचा तक्ता मागा आणि आपल्याकडच्या सर्वांत गार पहाटेची ओळ वाचा.

मग टाकी. २००० लिटरच्या टाकीतून २००० लिटर गरम पाणी कधीच मिळत नाही. वरून गरम पाणी जातं तसं खालून गार पाणी शिरतं, मधे दोहोंचा मिश्र थर तयार होतो आणि तो थर वर पोचला की आंघोळ संपली. चांगल्या टाकीतून साधारण तीन चतुर्थांश पाणी कामाचं मिळतं. इथे १५००, म्हणजे मुलामागे २५ लिटरप्रमाणे बरोबर ६० मुलं. तक्रारीतला आकडा तोच होता!

‘पण त्या दोन तासांत यंत्र चालूच होतं ना?’ असं तुम्ही विचाराल. हो, पण हे यंत्र पाणी एका फेरीत ५५ अंशांवर नेणारं नव्हतं. ते दर फेरीला पाचेक अंश वाढवून पाणी टाकीत परत सोडतं. टाकी गार होत असताना अशा यंत्राची मदत कोमट पाण्याच्या रूपात मिळते, शिवाय फिरत्या पाण्यानं थर मोडतात. म्हणून अशा यंत्राचं गर्दीच्या वेळेतलं उत्पादन मी हिशेबात शून्य धरतो. थोडं कठोर वाटेल, पण आंघोळीला उभ्या असलेल्या मुलाला सरासरी उपयोगाची नसते.

यावर मोठं यंत्र घ्यायचा सल्ला त्यांना मिळाला होता. मी उलट सुचवलं: यंत्र तेच ठेवा, टाकी दुप्पट करा आणि तापवण्याची वेळ बदला. टायमर पहाटे तीनला यंत्र सुरू करत होता. पाणी ताजं गरम मिळावं, हा हेतू. पण आठ अंशांच्या हवेत एक युनिट वीज खर्चून जेमतेम २.८ युनिट उष्णता मिळत होती. दुपारी हवा २० अंशांच्या वर असते, तेव्हा त्याच युनिटमागे चार मिळतात. तीन हजार लिटर ४० अंशांनी तापवायला सुमारे १४० युनिट उष्णता लागते. पहाटे त्यासाठी ५० युनिट वीज जाईल, दुपारी ३५. शिवाय दुपारी यंत्र पूर्ण २० किलोवॅट देतं, म्हणजे तासाला ४३० लिटर, आणि दहाला सुरू केलं तर पाचपर्यंत सगळा साठा तयार. चांगल्या आवरणाच्या टाकीत रात्रभरात दोनतीन अंशच उतरतात. ढगाळ दिवशी यंत्र संध्याकाळी तासाभरानं उशिरा थांबेल, इतकंच.

टाकी ४००० लिटरची केली, २००० लिटरच्या दोन टाक्या एकामागोमाग जोडून. कामाचं पाणी ३०००, दिवसाच्या गरजेइतकं. नव्या टाकीत गार पाण्याचा नळ तळाशी आडवा फवारा देणारा घेतला. सरळ वर उडणारी धार थर मोडून टाकते. तापमानाचा सेन्सर जुन्या टाकीत वरच्या टोकाला होता, त्यामुळे वरचं पाणी गार होईपर्यंत यंत्राला काही कळतच नव्हतं. तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर आणला.

आणखी एक गोष्ट गच्चीवर सापडली. कॉइल कठड्याकडे तोंड करून होती आणि तिनं सोडलेली गार हवा कठड्याला आपटून परत तिच्यातच शिरत होती. मोकळ्या गच्चीवर हवा १२ अंश, कॉइलच्या तोंडाशी ८. यंत्र स्वतःच स्वतःसाठी थंडी तयार करत होतं. हे ओळखायला दोन थर्मामीटर पुरतात. फरक दोनतीन अंशांपेक्षा जास्त असेल, तर यंत्र फिरवा किंवा सरकवा. बंदिस्त खोलीत तर ते बसवूच नका.

आपल्या यंत्राचा खरा वेग काढायचा असेल, तर वापर नसलेल्या वेळी टाकीतून नळांकडे गरम पाणी नेणारी झडप बंद करा आणि यंत्र चालू ठेवून घड्याळ लावा. २००० लिटर पाणी ३० वरून ५० अंशांवर जायला ४६ युनिटांहून थोडी जास्त उष्णता लागते. साडेतीन तासांच्या आत, म्हणजे तीन तास वीस मिनिटांत तापलं, तर यंत्र १४ किलोवॅट देतंय. हवेचं तापमानही त्याच वहीत लिहा आणि तक्त्याशी ताडून पाहा. तक्त्याहून बरंच कमी भरलं, तर कॉइलवरची धूळ, यंत्रातून गळालेला शीतक वायू किंवा पाण्याला उष्णता देणाऱ्या उष्णता-विनिमयकात साठलेले क्षार, या क्रमानं शोधा.

एक मर्यादा मात्र साठा वाढवताना विसरू नका. २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. मोठ्या टाकीचा तळ याच पट्ट्यात रेंगाळू शकतो. म्हणून आठवड्यातून एकदा सगळा साठा ६० अंशांच्या वर नेण्यासाठी एक साधा विजेचा हीटर तिथे ठेवला आहे. त्या दिवशी नळाला भाजणारं पाणी येऊ नये म्हणून बाहेर पडणाऱ्या पाइपावर मिश्रण झडप आहे.

बदलानंतरच्या पहिल्या थंडीत सकाळी आठ वाजता मी टाकीच्या माथ्यावरचा थर्मामीटर वाचला. शंभरावं मूल आंघोळ करून निघालं होतं, काटा ५१ अंशांवर होता आणि यंत्र बंद होतं.